दोन रंगांची कॉरुगेटेड रिब: आडवे धागे स्वच्छ ठेवून, कड न पसरू देता कशी विणायची

दोन सुलट, दोन उलट ही रिब विणणाऱ्या प्रत्येकाला येते. तीच रिब दोन रंगांत विणली, म्हणजे सुलट टाके एका रंगात आणि उलट टाके दुसऱ्या रंगात घेतले, की उभ्या पट्ट्यांची कॉरुगेटेड रिब तयार होते. शेटलंड बेटांवरच्या फेअर आइल स्वेटरांच्या घेराला आणि मनगटांना हीच रिब दिसते. हातात घेतल्यावर मात्र दोन तक्रारी ठरलेल्या: मागचे धागे गुंततात किंवा पुढे येतात, आणि खालची कड घंटेसारखी पसरते.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. साध्या रिबमध्ये सुलट टाक्यांचे खांब पुढे येतात, उलट टाके त्यांच्यामागे दडतात आणि वीण आपोआप आवळते. दोन रंगांच्या रिबमध्ये प्रत्येक खांबामागून दुसऱ्या रंगाचा धागा आडवा जातो. तो आडवा धागा खांबांना एकमेकांजवळ सरकू देत नाही. म्हणून तितक्याच टाक्यांची ही रिब साध्या रिबपेक्षा बरीच रुंद भरते आणि ताणलीही कमी जाते. हे लक्षात न घेता नेहमीच्या हिशोबाने टाके घातले, तर कड पसरणारच.

मग बहुतेक जण कड आवळण्यासाठी आडवा धागाच ओढून घेतात, आणि तिथे काम अधिक बिघडतं. रिबची रुंदी टाक्यांच्या संख्येने आणि सुईच्या जाडीने ठरवायची, आडवा धागा ओढून नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच नियमावर उभ्या आहेत. उदाहरणासाठी ५६ सेंटिमीटर डोक्याची टोपी घेतली आहे, म्हणजे आकडे प्रत्यक्ष कसे काढायचे ते दिसेल.

## लागणारं साहित्य

- एकाच जाडीची दोन रंगांची लोकर. रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असावेत. इथे गडद निळा सुलट टाक्यांसाठी आणि दुधी पांढरा उलट टाक्यांसाठी धरला आहे. पहिल्या वेळी किंचित खरखरीत, खरी लोकर घ्या. गुळगुळीत धाग्यात प्रत्येक कमीजास्त ताण उघडा पडतो.
- रिबसाठी २.७५ मिलिमीटरची गोल सुई, आणि टोपीच्या वरच्या भागासाठी ३.२५ मिलिमीटरची.
- फेरीची सुरुवात दाखवायला एक मार्कर.
- बारीक क्रोशाची सुई, दुरुस्तीसाठी.
- मोजपट्टी आणि टोकं ओवायला बोथट सुई.

दोन्ही रंगांपैकी एक गडद असेल तर आधी त्याचा हातभर धागा पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. कापडावर रंग उतरला, तर दुधी पट्ट्या पहिल्याच धुण्यात निळसर होतील. अशी लोकर या जोडीत नको.

## १. नमुना विणा, पण गोलच

सपाट चौकोनी नमुना इथे फसवतो. सपाट विणताना उलट बाजूची ओळही दोन रंगांनी विणावी लागते आणि त्यात हाताचा ताण वेगळा पडतो. त्यामुळे ४८ टाक्यांची एक छोटी नळी विणा. गोल सुईची लांब दोरी वळवून घ्या किंवा दुतोंडी सुया वापरा. पुढच्या पायऱ्यांत दिलेल्या पद्धतीने पाच-सहा सेंटिमीटर विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा.

समजा नळी सपाट ठेवल्यावर तिची रुंदी ८.९ सेंटिमीटर आली. म्हणजे घेर १७.८ सेंटिमीटर. ४८ टाक्यांना १७.८ ने भागलं की सेंटिमीटरमागे साधारण २.७ टाके होतात.

आता नळी दोन्ही हातांनी आडवी ताणा. जोर न लावता ती कुठवर जाते तेवढंच बघायचं आहे. ८.९ ची रुंदी १० पर्यंत गेली, तर वीण साधारण बारा टक्के ताणली जाते असं धरा. हा आकडा प्रत्येकाच्या हाताचा आणि लोकरीचा वेगळा असतो, म्हणून तो दुसऱ्याकडून उसना घेऊ नका.

टोपीची कड डोक्यावर बसायला डोक्याच्या मापापेक्षा थोडी लहान हवी. साधी रिब असती तर मी १० सेंटिमीटरही कमी केले असते, कारण ती ताणली जाते. इथे ४ सेंटिमीटर पुरेत. ५६ मधून ४ गेले, राहिले ५२. बारा टक्के ताणल्यावर ५२ चे ५८ होतात, म्हणजे ५६ चं डोकं आरामात मावतं आणि तरी कड धरून राहते. ५२ गुणिले २.७ म्हणजे १४०. दोन सुलट दोन उलट यासाठी टाके चारच्या पटीत लागतात आणि १४० चारच्या पटीत आहे. म्हणून १४० टाके.

टोपीच्या अंगात ३.२५ च्या सुईवर सेंटिमीटरमागे २.६ टाके बसत असतील, तर १५० टाक्यांचा घेर सुमारे ५८ सेंटिमीटर होतो. अंगासाठी तो बरोबर आहे. पण तेवढेच टाके खालीही घालायचे म्हटले, तर चारच्या पटीसाठी १५२ करावे लागतील आणि बारीक सुईवरही रिबचा घेर ५६ सेंटिमीटर येईल. डोक्याइतकीच कड म्हणजे न धरणारी कड. त्यामुळे रिबला १४० घ्यायचे आणि रिब संपल्यावर १० वाढवायचे.

## २. टाके घालणे

निळ्या लोकरीने, लांब शेपूट सोडून, एक धागा अंगठ्यावर आणि एक तर्जनीवर घेऊन टाके घालायची जी नेहमीची पद्धत आहे, तीच इथे चांगली. टाके एकाच, २.७५ च्या सुईवर घाला. सैल पडावेत म्हणून दोन सुया जोडून टाके घालायची सवय अनेकांना असते. साध्या रिबला ती चालून जाते, पण ही वीण फारशी ताणली जातच नाही, त्यामुळे तिला अतिलवचिक कड मिळाली की ती कड झालरीसारखी लोंबते.

कडेची लांबी फासाच्या घट्टपणापेक्षा दोन टाक्यांमधल्या अंतराने जास्त ठरते. प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याला चिकटून बसवा, मध्ये फट ठेवू नका. फास मात्र इतका आवळू नका की सुईवर सरकणार नाही.

फेरी जोडण्याआधी सगळे टाके सुईच्या खालच्या बाजूला सरळ रांगेत आहेत ना, पीळ पडला नाही ना, हे बघून मार्कर लावा.

## ३. दोन फेऱ्या साध्या रिबच्या

दुसरा रंग लगेच जोडू नका. आधी फक्त निळ्याने दोन सुलट, दोन उलट अशा दोन फेऱ्या विणा.

कारण असं: पुढच्या पायरीत एक फेरी संपूर्ण सुलट विणावी लागते. सुलट विणीची खालची कड स्वभावतःच पुढच्या बाजूला वळते. ही सुलट फेरी थेट कडेवर आली, तर कड बाहेरच्या अंगाला गुंडाळली जाते आणि धुऊनही परत वळते. दोन साध्या फेऱ्या ते वळण अडवतात, शिवाय कड थोडी आतही ओढून धरतात.

पसरलेली कड आणि वळलेली कड या वेगळ्या गोष्टी आहेत. काम सपाट ठेवल्यावर कड लाटेसारखी वरखाली होत असेल, तर ती पसरली आहे: टाके जास्त झालेत, टाके घालताना सैल पडलेत किंवा वरचे आडवे धागे आवळलेत. कड सरळ रेषेत असून फक्त बाहेर उलटत असेल, तर ती वळली आहे आणि या दोन फेऱ्या राहून गेल्या आहेत.

## ४. पांढरा रंग जोडताना एक फेरी सगळी सुलट

आता दोन टाके निळ्याने सुलट, दोन टाके पांढऱ्याने सुलट, अशी पूर्ण फेरी. पांढरा नेहमी आधीच्या उलट टाक्यांवर येतो.

उलट टाका विणला की खालच्या टाक्याचा माथा पुढच्या बाजूला येऊन आडवी गाठ दिसते. निळ्या टाक्यावर पांढऱ्याने उलट विणलं, तर पुढे दिसणारी गाठ निळी येते आणि पांढऱ्या पट्टीच्या पायथ्याशी निळ्या ठिपक्यांची ओळ उमटते. सुलट विणलं की तो माथा मागे राहतो आणि रंगांची सीमा स्वच्छ दिसते.

पांढऱ्याचं १५ सेंटिमीटर टोक मागे सोडा. पहिला टाका सैल वाटेल, तरी गाठ मारू नका. शेवटी टोक ओवताना तो नीट होतो.

## ५. मुख्य फेरी, हाताच्या हालचालीसह

इथून पुढे प्रत्येक फेरी एकच: दोन निळे सुलट, दोन पांढरे उलट. घाई न करता पहिली पुनरावृत्ती अशी करा.

दोन्ही धागे कामाच्या मागे आहेत. निळ्याने दोन सुलट विणा. आता पांढरा धागा निळ्याच्या खालून घ्या, दोन सुयांच्या टोकांमधून पुढे आणा आणि दोन उलट विणा. उलट टाके झाले की लगेच, दुसरं काही करण्याआधी, पांढरा धागा सुयांच्या टोकांमधून परत मागे टाका. मग निळा धागा पांढऱ्याच्या वरून घेऊन पुढचे दोन सुलट.

पांढरा मागे टाकायचा राहिला, तर तो पुढच्या निळ्या खांबावरून आडवा जातो आणि कामाच्या दर्शनी बाजूवर पांढरी रेघ दिसते. ही चूक सर्वांत जास्त फेरीच्या शेवटी होते. शेवटचे दोन टाके पांढरे उलट असतात, मग मार्कर सरकवायचा असतो आणि त्या गडबडीत धागा पुढेच राहतो. म्हणून मार्कर सरकवण्याआधी पांढरा मागे गेला का, हे बघायची सवय लावून घ्या.

अशी रेघ एक-दोन फेऱ्यांनंतर दिसली तर उसवायची गरज नाही. त्या खांबाचे दोन निळे टाके सुईवरून सोडून रेघेच्या फेरीपर्यंत, त्या फेरीचे टाके धरून, खाली उतरवा. पांढरा धागा मोकळा झाला की तो टाक्यांच्या मागे ढकला. मग क्रोशाच्या सुईने एकेक निळा टाका समोरून सुलट उचलत वर आणा. वर आणताना प्रत्येक फेरीचा निळा धागाच ओढायचा आणि पांढरे आडवे धागे मागे राहू द्यायचे.

धागे धरण्याच्या पद्धतीबद्दल: दोन्ही हातांत एकेक धागा धरता येत असेल तर काम सर्वांत जलद होतं. उलट टाका ज्या हाताने तुम्हाला सोपा जातो, त्या हातात पांढरा द्या. एकाच हाताने विणत असाल तर प्रत्येक वेळी धागा सोडून दुसरा उचला. वेळ लागतो, पण वीण तितकीच चांगली येते.

पांढरा खालून, निळा वरून हा क्रम मात्र संपूर्ण रिबभर बदलू नका. खालून येणारा धागा किंचित लांब पडतो, त्याचे टाके थोडे मोठे होतात आणि तो रंग जास्त उठून दिसतो. उलट टाके मुळातच मागे दबतात, म्हणून मी खालची जागा पांढऱ्याला देते. तुम्हाला सुलट खांब ठळक हवे असतील तर क्रम उलटा ठेवा. मध्येच अदलाबदल झाली, तर त्या फेरीपासून पट्ट्यांची जाडी बदललेली दिसते. क्रम पाळला की धागे एकमेकांना पीळही घालत नाहीत: एक गोळा डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवला की दोन्ही तासन्‌तास सुटे राहतात.

## ६. आडवा धागा किती सैल

प्रत्येक आडवा धागा दोन टाक्यांवरून जातो. सेंटिमीटरमागे २.७ टाके असतील तर दोन टाके म्हणजे जवळजवळ साडेसात मिलिमीटर. आडवा धागा बरोबर तेवढाच लांब हवा.

मोजत बसायची गरज नाही. रंग बदलून नव्या रंगाचा पहिला टाका विणण्याआधी, उजव्या सुईवरचे शेवटचे चार टाके अंगठ्याने नीट पसरवा, म्हणजे ते तयार विणीत बसतील तितके रुंद होतील. मग टाका विणा. धागा ओढू नका, सोडूही नका. दुसरा टाका विणला की पहिल्याचा ताण पक्का होतो, त्यामुळे नंतर ओढून दुरुस्ती करता येत नाही.

ताण बिघडला आहे हे पुढूनच ओळखता येतं. पांढऱ्या पट्ट्या बारीक होऊन निळ्यांच्या मागे जात असतील, तर मागचा निळा धागा आवळला आहे. निळ्या खांबातला डावा टाका उजव्यापेक्षा सतत मोठा दिसत असेल, तर निळा आडवा धागा सैल आहे आणि जास्तीचा धागा त्या टाक्यात शिरला आहे. काम उलटवून मागून बोट फिरवा. बोट अडकलं तर सैल, आणि आडवे धागे तारेसारखे ताठ लागले तर घट्ट.

घट्ट धाग्यांचा कडेशी थेट संबंध आहे. टाके घातलेली कड आपल्या मापाची असते. वरची रिब आडव्या धाग्यांनी आवळली की ती कडेपेक्षा अरुंद होते आणि कड तुलनेने लांब राहून बाहेर पसरते. अशा वेळी कड सैल आहे असं वाटून लोक धागे आणखी ओढतात आणि पसरणं वाढतं. त्यामुळे पसरलेली कड दिसली की आधी मागची बाजू तपासा. आडवे धागे ठीक असतील तरच टाक्यांच्या संख्येकडे वळा.

मनगटासारख्या लहान घेरात, दुतोंडी सुयांच्या कोपऱ्यांवर धागा हमखास आवळतो, कारण तो कोपऱ्याच्या आतून जवळची वाट धरतो. त्यावर चांगला उपाय म्हणजे नळी उलटी करून विणणे: कामाची दर्शनी बाजू नळीच्या आत जाऊ द्या आणि तुमच्यापासून दूरच्या काठावर विणा. विणायची दिशा आणि टाके तेच राहतात, पण आडवे धागे आता बाहेरून फिरतात आणि कोपऱ्याला वळसा घालताना त्यांना लांबच वाट घ्यावी लागते.

## ७. मध्ये रंग बदलायचा असेल तर

सुलट खांबाचा रंग कुठल्याही फेरीला बदला, काही वेगळं करावं लागत नाही. उलट पट्टीचा रंग बदलताना चौथ्या पायरीचाच नियम: नव्या रंगाची पहिली फेरी त्या पट्टीत सुलट, पुढच्या फेरीपासून उलट. दोन्ही रंग एकाच फेरीला बदलू नका. टोकं एकाच जागी जमा होतात आणि तिथे जाड गाठोडं होतं.

## ८. रिबवरून टोपीच्या अंगावर

रिब साधारण ५ सेंटिमीटर झाली की पांढरा तोडा. २.७५ च्याच सुईवर, निळ्याने, एक फेरी संपूर्ण सुलट विणा आणि तिच्यात प्रत्येक १४ टाक्यांनंतर एक टाका वाढवा. १४० चे १५० होतात. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून पीळ देऊन विणा, म्हणजे भोक पडत नाही. पुढच्या फेरीपासून ३.२५ ची सुई घ्या. १५० टाके सहाच्या आणि दहाच्या पटीत असल्याने नक्षी निवडायला सोपं जातं.

वाढ रिबच्या आत करू नका, खांब तुटलेले दिसतात. आणि वाढ न करता नुसती सुई मोठी केली, तर अंग डोक्यावर तंग होतं.

स्वेटरच्या गळ्यासारखी रिब वर संपत असेल, तर टाके निळ्याने, सगळे सुलट विणत बंद करा. पांढऱ्यावर निळ्याने उलट विणलं की पुन्हा ठिपके दिसतील. बंद करायलाही बारीकच सुई, आणि दर थोड्या टाक्यांनंतर काम सपाट ठेवून कड लाटत नाही ना, हे बघा.

## ९. धुणे आणि वाळवणे

कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. टोपीचं अंग ताटलीवर चढवून वाळवत असाल तर रिब ताटलीच्या काठाबाहेर, मोकळी राहू द्या. ओली रिब ताणून वाळवली तर ती तशीच राहते आणि इतका वेळ जपलेली कड एका रात्रीत सैल होते. खऱ्या लोकरीत पहिल्या धुण्यानंतर लहानसहान असमानपणा बराच मुरतो. ॲक्रिलिकमध्ये तो जवळजवळ तसाच राहतो, म्हणून तिथे सहाव्या पायरीला जास्त जपा.

## पूर्ण झालेल्या टोपीची कड पसरली असेल तर

पसरणं थोडं असेल तर निळ्या लोकरीने, आतल्या बाजूने, क्रोशाच्या सुईने कडेवर सरकत्या टाक्यांची एक फेरी घाला आणि साधारण प्रत्येक दहावा टाका वगळा. कड लगेच आत येते आणि बाहेरून काही दिसत नाही.

जास्त पसरली असेल तर कडच बदला. कडेच्या वरच्या, दुसऱ्या साध्या फेरीतला प्रत्येक टाका २.७५ च्या सुईवर उचला. १४० मोजून घ्या. त्याच्या खालच्या फेरीतला एक टाका कात्रीने कापा, धागा ओढत कडेपर्यंतचा भाग सोडवा आणि मोकळे झालेले टाके नव्या निळ्या धाग्याने लगेच बंद करा. खालच्या दिशेला आणखी फेऱ्या विणायचा मोह टाळा: उलट्या दिशेने विणलेली रिब अर्ध्या टाक्याने सरकते आणि खांब जुळत नाहीत.

मात्र आडवे धागे घट्ट असल्याने कड पसरली असेल, तर यातला कुठलाच उपाय पुरत नाही. टोपी डोक्यावर चढतानाच अडते आणि कपाळावर वळ उठतो. तेव्हा रिबच्या वरच्या सुलट फेरीत टाके उचला, सगळी रिब कापून काढा आणि नव्याने वरून खाली विणा. उचललेले टाके सुलट फेरीचे असल्याने अर्ध्या टाक्याचा फरक तिथे दिसत नाही. आधी एका फेरीत १५० चे पुन्हा १४० करा, नंतर पांढरा जोडताना चौथ्या पायरीसारखी एक फेरी सुलट, आणि शेवटी निळ्याने सुलट विणत, बारीक सुईवर टाके बंद.